पंधरा लाखांचे महिन्याला किती?

ऑफर लेटरमध्ये ‘वार्षिक सीटीसी १५,००,००० रुपये’ असा आकडा दिसला, की घरात कुणीतरी लगेच बाराने भागतं आणि ‘महिना सव्वा लाख’ असं जाहीर होतं. मग त्या सव्वा लाखावर पुढचे बेत ठरतात. हिंजवडीजवळ किती भाड्याचा फ्लॅट परवडेल, गावी किती पाठवता येतील, गाडीचा हप्ता किती झेपेल. प्रत्यक्षात पहिल्या पूर्ण महिन्यानंतर खात्यावर जमा होतात ९३,३०० रुपये. काही कंपन्यांत तर ८६,९६९. मधले तीस-चाळीस हजार गेले कुठे, या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत नव्या नोकरीचा आनंद निम्मा झालेला असतो आणि पहिला संशय कंपनीवर गेलेला असतो.

बहुतेक वेळा कंपनीचा हिशोब बरोबर असतो. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे नेहमी नव्हे. म्हणून हा हिशोब स्वतः तपासता आला पाहिजे, आणि तो कागदावर तपासण्याइतका सोपा आहे. अट एकच: बाराने भागायची घाई करायची नाही. आधी वर्षाच्या आकड्यातला प्रत्येक रुपया कुणाकडे जातो आणि केव्हा जातो ते पाहायचं. वजाबाक्या वर्षाच्या आकड्यांवर करायच्या आणि जे खरोखर दर महिन्याला येतं तेवढंच शेवटी बाराने भागायचं. मी पाहिलेल्या चुकीच्या हिशोबांपैकी बरेचसे याच ठिकाणी बिघडलेले होते. एक आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, आणि दोघांची वजाबाकी.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत असे मी बेतले आहेत, पण मांडणी पुण्यातल्या एखाद्या मध्यम सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये असते तशीच आहे. साताऱ्याची एक मुलगी, दुसरी नोकरी, सीटीसी १५ लाख. लेटरच्या शेवटच्या पानावर, ज्याला सगळे ‘अ‍ॅनेक्शर’ म्हणतात, त्यावर वर्षाचं विभाजन असं आहे: बेसिक ७,५०,०००. घरभाडे भत्ता म्हणजे एचआरए ३,००,०००. स्पेशल अलाउन्स १,६२,०००. पीएफमधला कंपनीचा वाटा ९०,०००. ग्रॅच्युइटी ३६,०५८. आरोग्य विम्याचा हप्ता ११,९४२. व्हेरिएबल पे १,५०,०००. बेरीज करून पाहा, बरोबर पंधरा लाख होते. ही बेरीज सर्वात आधी करायची असते. ती जुळली नाही तर पुढचं काहीच जुळणार नाही, आणि लेटरमध्ये टंकलेखनाच्या चुका असतात.

या सातपैकी महिन्याच्या पगारात फक्त पहिले तीन येतात. बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स मिळून वर्षाचे १२,१२,००० आणि महिन्याचे १,०१,००० रुपये. हा ग्रॉस पगार. पे-स्लिपच्या डाव्या बाजूला, ‘अर्निंग्ज’खाली, हाच आकडा दिसला पाहिजे. सव्वा लाखातून एक लाख एक हजारावर येताना गेलेले २४,००० अजून कुणी ‘कापलेले’ नाहीत. ते मुळातच महिन्याच्या पगारात नव्हते. महिन्याला पाहिलं तर त्यातले १२,५०० व्हेरिएबलचे, ७,५०० कंपनीच्या पीएफ वाट्याचे, ३,००५ ग्रॅच्युइटीचे आणि ९९५ विम्याचे.

या चौघांचं स्वरूप अगदी वेगवेगळं आहे, म्हणून प्रत्येकाकडे नीट पाहायला हवं. विम्याचा हप्ता विमा कंपनीकडे जातो. तो पैसा म्हणून कधीच हाती येणार नाही, पण त्याच्या बदल्यात संरक्षण मिळतं. कंपनीचा पीएफ वाटा तुमच्याच पीएफ खात्याच्या नावे जमा होतो, म्हणजे तो तुमचाच पैसा आहे, फक्त आज नाही. व्हेरिएबल वर्षातून एकदा किंवा तिमाहीला, कामगिरी आणि कंपनीची स्थिती पाहून मिळतं. लेटरवर दीड लाख लिहिलेले असले, तरी ती कमाल रक्कम आहे की अपेक्षित रक्कम, हे लेटरच्या बारीक अक्षरांत असतं. सही करण्यापूर्वी एचआरला हा प्रश्न विचारावा, आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं तेही विचारावं. हे विचारण्यात काहीही वावगं नाही.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण सीटीसीतला हा सर्वात फसवा रुपया आहे. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, असा कायद्याचा हिशोब. या मुलीचं महिन्याचं बेसिक ६२,५००. त्याला १५ ने गुणून २६ ने भागलं की ३६,०५८ येतात. वर्षाच्या बेसिकच्या प्रमाणात सांगायचं तर ४.८१ टक्के. लेटरमध्ये ४.८१ हा विचित्र आकडा दिसला तर तो इथून आलेला असतो. पण कायम नोकरीत ग्रॅच्युइटी मिळते ती साधारण पाच वर्षं सलग पूर्ण झाल्यावर. दोन-अडीच वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या बाबतीत हे छत्तीस हजार दरवर्षी सीटीसीत दिसतात, आणि तो सोडून जातो तेव्हा कंपनीकडेच राहतात. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना मी ग्रॅच्युइटीची रक्कम सरळ वगळूनच तुलना करायला सांगतो.

आता पे-स्लिपची उजवी बाजू, म्हणजे खऱ्या कपाती. पहिली कपात पीएफची, आणि इथेच घरोघरी वाद होतो. “अगं, पीएफ तर आधीच सीटीसीतून वजा झालाय ना? मग स्लिपवर परत सात हजार पाचशे कसे कापले?” असं वडील विचारतात, आणि त्यांची शंका रास्त आहे. उत्तर असं की पीएफमध्ये दोन वाटे असतात. बेसिकच्या बारा टक्के कंपनीचे आणि तेवढेच कर्मचाऱ्याचे. बहुतेक खासगी कंपन्या आपला वाटाही सीटीसीत धरतात. त्यामुळे पंधरा लाखांतून दोन्ही वाटे निघतात. एक ग्रॉस ठरण्याआधी, दुसरा ग्रॉस ठरल्यानंतर. ६२,५०० चे बारा टक्के ७,५००, असे दोन वेळा. महिन्याला १५,००० रुपये भविष्यासाठी बाजूला पडतात. चूक झालेली नाही. चूक असती ती कंपनीचा वाटा सीटीसीतूनही वजा करून स्लिपच्या कपातीतही दाखवला असता तर. काही स्लिपांवर कंपनीचा वाटा डाव्या बाजूला मिळकतीत मिळवतात आणि उजवीकडे वजा करतात. तिथे आकडे मोठे दिसतात, पण उत्तर तेच येतं. मात्र तो डावीकडे न मिळवता उजवीकडे दोन्ही वाटे वजा केलेले दिसले, तर महिन्याला साडेसात हजारांचा फटका बसतो आहे असं समजावं आणि लगेच पगार विभागाला लिहावं.

बारा टक्के कशाचे, हेही पाहायचं. ग्रॉसचे नव्हे. १,०१,००० चे बारा टक्के काढून १२,१२० पीएफ वजा करणारे हिशोब मी पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय कायद्यातली पीएफची वेतनमर्यादा महिन्याला १५,००० रुपयांची आहे आणि अनेक कंपन्या त्या मर्यादेवरच पीएफ भरतात. म्हणजे बेसिक कितीही असो, दोन्हीकडून १,८०० च. आपल्या उदाहरणात कंपनीने तसं केलं असतं तर काय झालं असतं? कंपनीचा वाटा महिन्याला ५,७०० ने कमी झाला असता, आणि सीटीसी तोच राहायला हवा म्हणून ते ५,७०० स्पेशल अलाउन्समध्ये आले असते. मुलीचा स्वतःचा वाटाही ५,७०० ने कमी. म्हणजे हातात महिन्याला ११,४०० जास्त, थोडा जास्त आयकर जाऊनही दहा हजारांवर जास्त. तेच पंधरा लाख, तीच कंपनी, फक्त पीएफची पद्धत वेगळी. म्हणूनच “माझ्या मित्रालाही पंधराच आहेत, पण त्याच्या हातात जास्त येतात” या तक्रारीत तथ्य असतं आणि अन्याय मात्र नसतो. मित्राच्या पीएफ खात्यात वर्षाला १,३६,८०० रुपये कमी जमा होत असतात.

बेसिक किती ठेवायचं यावर पूर्वी कंपन्यांना बरीच मोकळीक होती. तीस-पस्तीस टक्के बेसिक आणि बाकी भत्ते, अशी लेटरं सर्रास निघत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं कलम आहे. आपल्या उदाहरणात बेसिक सीटीसीच्या निम्मं आहे ते त्यामुळेच. जुन्या लेटरची नव्याशी तुलना करताना हा बदल लक्षात ठेवावा, कारण ग्रॅच्युइटी वेतनाच्या आकड्यावर चालते आणि तो आकडा वाढला की सीटीसीतला तिचा हिस्साही वाढतो.

दुसरी कपात व्यवसाय कराची, ज्याला ऑफिसात सगळे पीटी म्हणतात. महाराष्ट्रात या पगारावर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००, आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार कोणत्याही राज्याला वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात हा कर नाही. आपल्या मुलीला तो आहे.

इथपर्यंतचा हिशोब: १,०१,००० मधून ७,५०० आणि २०० गेले, उरले ९३,३००. सुरुवातीला सांगितलेला आकडा हाच. आयकर अजून यात आलेला नाही.

आयकराचं गणित महिन्याच्या पगारावर होतच नाही. ते वर्षाच्या अंदाजावर होतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नव्या करप्रणालीतले दर घेऊ. पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठ लाखांवर पाच टक्के, आठ ते बारावर दहा टक्के, बारा ते सोळावर पंधरा टक्के, आणि पुढे चढत्या पायऱ्या. पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. ही वजावट कराच्या हिशोबापुरती आहे. कुणी तुमच्या पगारातून पंचाहत्तर हजार काढून घेत नाही. हातात येणाऱ्या रकमेतूनच ती वजा करणारेही भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि सर्वात महत्त्वाचं, वजावटीनंतरचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ नुसार सगळा कर माफ होतो.

आता करपात्र काय आणि काय नाही ते पाहू. कंपनीचा पीएफ वाटा (बारा टक्क्यांच्या आत), ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता यांवर मुलीला कर नाही. सीटीसी पंधरा लाख म्हणजे करासाठीही पंधरा लाख, असं धरून घाबरणाऱ्यांनी हे आधी वाचावं. कर लागतो तो १२,१२,००० च्या ग्रॉसवर, आणि मिळालं तर व्हेरिएबलवर.

फक्त ग्रॉस धरला तर १२,१२,००० वजा ७५,००० म्हणजे ११,३७,०००. बारा लाखांच्या आत. कर शून्य. व्हेरिएबलचे दीड लाख मिळवले तर करपात्र उत्पन्न १२,८७,०००. मग चार ते आठचे २०,०००, आठ ते बाराचे ४०,०००, वरच्या ८७,००० वर पंधरा टक्क्यांनी १३,०५०. एकूण ७३,०५०, आणि त्यावर चार टक्के सेस धरून ७५,९७२. शून्यावरून थेट शहात्तर हजार, आणि मध्ये फक्त व्हेरिएबल.

म्हणून एकाच लेटरवर दोन ‘इन-हँड’ आकडे निघतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. कंपनीने एप्रिलपासूनच व्हेरिएबल अंदाजात धरलं, तर ७५,९७२ बारा महिन्यांत विभागून दर महिन्याला ६,३३१ टीडीएस कापेल आणि हातात ८६,९६९ येतील. व्हेरिएबल प्रत्यक्ष दिल्यावरच धरायचं अशी पद्धत असेल, तर दर महिन्याला ९३,३०० येतील. मग ज्या महिन्यात व्हेरिएबल येईल त्या महिन्यात, समजा मार्चमध्ये, दीड लाखातून एकदम शहात्तर हजारांच्या आसपास कापले जातील. ती स्लिप पाहून माणूस हादरतो. निम्मं व्हेरिएबल सरकारने नेलं असं वाटतं, आणि हिशोबाने ते खरंच आहे. हेच व्हेरिएबल अप्रेझलनंतर मे-जूनमध्ये दिलं जात असेल, तर ते पुढच्या आर्थिक वर्षात मोजलं जाईल. कोणत्या महिन्यात देता आणि टीडीएससाठी केव्हापासून धरता, हे दोन प्रश्न एचआरला विचारले की ‘इन-हँड’चा निम्मा गोंधळ मिटतो.

बारा लाखांच्या सीमेवरची आणखी एक गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे असं वाटतं, कारण ती कळल्याशिवाय या पगारश्रेणीतल्या माणसाला आपली स्लिप समजत नाही. बारा लाखांच्या एक रुपया वर गेलं की साठ हजार कर, असं होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न असेल त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. साधारण १२,७०,००० पर्यंत ही सवलत उपयोगी पडते. पण तिचा अर्थ असाही होतो की त्या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया करातच जातो. आपल्या मुलीला व्हेरिएबलचे ६३,००० मिळाले तर करपात्र उत्पन्न बरोबर बारा लाख, कर शून्य, आणि ६३,००० पूर्ण हातात. सत्तर टक्के म्हणजे १,०५,००० मिळाले तर करपात्र उत्पन्न १२,४२,०००, कर ४२,००० आणि सेस १,६८०. हातात ६१,३२०. जास्त व्हेरिएबल मिळूनही हातात कमी. पूर्ण दीड लाख मिळाले तर हातात ७४,०२८. म्हणजे ६३,००० च्या पुढच्या सत्त्याऐंशी हजारांतून तिच्या वाट्याला जेमतेम अकरा हजार येतात.

या सीमेवर असलेल्यांसाठी एक कायदेशीर वाट आहे आणि ती फार थोडे वापरतात. कंपनीने कर्मचाऱ्याच्या नावे एनपीएसमध्ये भरलेली रक्कम नव्या करप्रणालीत बेसिकच्या चौदा टक्क्यांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. या मुलीच्या बाबतीत चौदा टक्के म्हणजे १,०५,०००. कंपनीने तेवढी रक्कम स्पेशल अलाउन्समधून काढून एनपीएसमध्ये भरली, सीटीसी न वाढवता, तर पूर्ण व्हेरिएबल धरूनही करपात्र उत्पन्न ११,८२,००० होतं आणि कर शून्य. महिन्याला ८,७५० एनपीएसमध्ये गेले, पण ६,३३१ चा टीडीएस वाचला. हातात ८६,९६९ ऐवजी ८४,५५०. म्हणजे महिन्याला अडीच हजारांहून कमी सोडून पावणेनऊ हजार तिच्या नावे साठतात. अडचण अशी की हा पर्याय कंपनीने द्यावा लागतो, कर्मचाऱ्याला एकट्याने घेता येत नाही. आणि तो पैसा निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतो. दोन वर्षांत घराचं डाउन पेमेंट करायचं असलेल्याला मी हा सल्ला देणार नाही.

आतापर्यंतचा हिशोब पूर्ण बारा महिन्यांचा होता. नोकरी मात्र १ एप्रिललाच सुरू होते असं नाही. समजा मुलगी १७ जूनला रुजू झाली. जूनचे चौदा दिवस भरतात, म्हणून १,०१,००० चे तीसांश चौदा, म्हणजे ४७,१३३. पीएफ त्याच प्रमाणात ३,५००. पीटी मात्र पूर्ण २००, तो दिवसांवर चालत नाही. हातात ४३,४३३. काही कंपन्या महिन्याच्या विसाव्या-पंचविसाव्या तारखेनंतर रुजू झालेल्यांचा तेवढा पगार पुढच्या महिन्यात देतात. तेव्हा पहिली स्लिप कोरी आणि दुसरी फुगलेली दिसते.

त्या वर्षाचा आयकरही वेगळा. जून ते मार्चचा ग्रॉस ९,५६,१३३ होतो आणि त्यात व्हेरिएबलचा प्रमाणशीर हिस्सा मिळवला तरी तो पावणेतेरा लाखांच्या बराच खाली राहतो. म्हणून या वर्षी दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य आणि हातात दर महिन्याला ९३,३००. इंटरनेटवरचे पगार कॅल्क्युलेटर पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे ते ६,३३१ चा टीडीएस दाखवतात आणि स्लिपशी जुळत नाहीत. चूक स्लिपची नसते. मात्र या मुलीने एप्रिल ते जून आधीच्या कंपनीत पगार घेतलेला आहे. तो तपशील नव्या कंपनीला देणं तिचं काम आहे. तो दिला नाही तर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने ७५,००० ची वजावट आणि बारा लाखांची माफी धरतात, कुणीच टीडीएस कापत नाही, आणि दोन्ही पगार एकत्र केल्यावर मर्यादा ओलांडली असेल तर रिटर्न भरताना कर व्याजासह एकरकमी भरावा लागतो. नोकरी बदललेल्या वर्षात जास्त ‘इन-हँड’ दिसला तर खूश होण्याआधी हे तपासावं.

आता ताळा. पुढे जाताना केलेला हिशोब उलट दिशेने करून पंधरा लाखांवर परत येतो का, हे पाहायचं. पूर्ण वर्ष, पूर्ण व्हेरिएबल, एनपीएस नाही, असं धरू. मुलीच्या खात्यात वर्षभरात येतात ११,९३,५२८. त्यात तिचा पीएफ ९०,०००, पीटी २,५०० आणि आयकर ७५,९७२ मिळवले की १३,६२,०००. म्हणजे ग्रॉस अधिक व्हेरिएबल. त्यात कंपनीचा पीएफ ९०,०००, ग्रॅच्युइटी ३६,०५८ आणि विमा ११,९४२ मिळवले की बरोबर १५,००,०००. बेरीज एका रुपयाने चुकली तर ते राउंडिंग. हजारांत चुकली तर एखादी रक्कम दोनदा वजा झाली आहे किंवा मिळवायची राहिली आहे.

स्लिप आणि स्वतःचा हिशोब जुळत नसतील तर फरकाची रक्कमच बहुधा कारण सांगते. फेब्रुवारीत १०० चा फरक पीटीचा. जून किंवा डिसेंबरमध्ये २५ चा फरक महाराष्ट्र कामगार कल्याण निधीचा असू शकतो. साडेसात हजारांचा फरक कुठे दिसला तर पीएफचा वाटा पुन्हा वजा झालेला आहे का ते पाहावं. ग्रॉसच कमी असेल तर बिनपगारी रजा लागली आहे का, हजेरीच्या नोंदीत एखादा दिवस राहिला आहे का, ते बघावं. टीडीएस जानेवारी ते मार्चमध्ये अचानक वाढला, तर कर उरलेल्या थोड्या महिन्यांत विभागला गेलेला असतो. एकतर व्हेरिएबल आलेलं असतं, किंवा जुनी करप्रणाली निवडून गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे वेळेत दिलेले नसतात. टीडीएस एप्रिलपासूनच अपेक्षेपेक्षा भलता जास्त असेल, तर कंपनीकडे कोणती करप्रणाली नोंदली आहे ते सर्वात आधी विचारावं.

आणि एक तपासणी स्लिपच्या बाहेरची. स्लिपवर ७,५०० कापल्याचं दिसतं, पण ते जमा झाले का हे स्लिप सांगत नाही. कंपनीने पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. आपल्या यूएएनने ईपीएफओचं पासबुक उघडलं की दोन्ही वाटे दिसतात. कंपनीच्या ७,५०० पैकी १,२५० पेन्शन योजनेकडे वळवलेले दिसले तर दचकू नये. जुन्या सदस्यांच्या बाबतीत ते तसंच होतं, पंधरा हजारांच्या मर्यादेवर ८.३३ टक्के. पासबुकात दोन-तीन महिने नोंदच नसेल तर मात्र गप्प बसू नये. टीडीएसचंही तसंच. तिमाही संपून कंपनीने विवरणपत्र भरलं की आयकर पोर्टलवर आपल्या पॅनपुढे कापलेली रक्कम दिसायला हवी. दोन्हीकडे नोंद नसेल तर आधी पगार विभागाला ईमेल करावा, तोंडी विचारणा पुरेशी नाही. त्याचं समाधानकारक उत्तर आलं नाही तर पीएफसाठी ईपीएफओच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर, स्लिप आणि पासबुकाच्या प्रती जोडून, तक्रार नोंदवता येते.